पैसे कुठून कापले जातात, ते आधी पाहा

समजा, ओटीटीचे ४९९ रुपये तुमच्या क्रेडिट कार्डावरून जातात आणि ५,००० रुपयांची एसआयपी बचत खात्यातून. दोन्ही दरमहा आपोआप जातात, पण थांबवण्याच्या वाटा वेगळ्या आहेत.

ओटीटीची परवानगी म्हणजे कार्डावरची स्थायी सूचना. ती कार्डाला बांधलेली असते. ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांनुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायला हवं, आणि त्या संदेशातच नकार देण्याची सोय असते. कायमचं थांबवायचं तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर कार्डाच्या स्थायी सूचनांची यादी काढून ती रद्द करा. ओटीटीचं सदस्यत्वही वेगळं बंद करा.

एसआयपीचा ई-मँडेट मात्र थेट खात्यावर, ‘नाच’ यंत्रणेत नोंदलेला असतो. त्यामुळे डेबिट कार्ड ब्लॉक केलं तरी हप्ता जातच राहतो. अनेकजण इथेच फसतात. प्रत्येक मँडेटला यूएमआरएन हा क्रमांक असतो. तो खात्याच्या मँडेट यादीत शोधा आणि नेट बँकिंगमधून किंवा शाखेत अर्ज देऊन रद्द करा. फंड कंपनीकडे एसआयपी आधी बंद करा, तेही पुढच्या तारखेच्या बरेच दिवस आधी. रद्द व्हायला वेळ लागतो. खातं रिकामं ठेवणं हा उपाय नव्हे, हप्ता परत गेला की बँक दंड लावते.

कर्जाच्या हप्त्याचा मँडेट रद्द केला, तरी कर्ज तसंच राहतं.