अ-१ च्या पुढे काय?

चौथीच्या एका वर्गात दोन मुली आहेत असं समजा. दोघींच्या प्रगतिपुस्तकात गणितासमोर अ-१ श्रेणी आहे. एक मुलगी नियमित अभ्यास करते, चौथीचं गणित तिला चांगलं येतं, आणि परीक्षेत तिने ते सगळं लिहिलं. दुसरीला सहावीचा पेपर दिला असता तर तोही तिने बऱ्यापैकी सोडवला असता. पण तो तिला कुणी दिला नाही, म्हणून तिचीही श्रेणी अ-१च. चार फुटी पट्टीने मापलं तर चार फुटांचा आणि सहा फुटांचा माणूस सारखेच उंच भरतात. बी.एड.ला ‘विशेष गरजा असलेली मुलं’ शिकवताना प्रज्ञावान मुलांचा धडा असतो, त्यात लक्षणांची लांबलचक यादी असते: जिज्ञासू, शब्दसंग्रह मोठा, विनोदबुद्धी तल्लख. माझ्या मते त्या यादीपेक्षा ही अपुरी पट्टी आधी समजून घ्यायला हवी. मूल किती पुढे आहे आणि कशात, हेच कळलं नाही तर पुढे त्याचं काय करायचं हेही ठरत नाही.

पट्टी तोकडी आहे हे सर्वांत स्पष्ट दाखवलं ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ज्युलियन स्टॅन्ली यांनी. १९६८च्या उन्हाळ्यात संगणकाच्या एका वर्गात जोसेफ बेट्स नावाचा मुलगा आला. शाळेत तो आठवीही झालेला नव्हता, पण मोठ्या विद्यार्थ्यांच्या पुढे चालला होता. त्याला शिकवणाऱ्या बाईंनी स्टॅन्लींना कळवलं. मुलाच्या इयत्तेची परीक्षा घेऊन काहीच कळलं नसतं, म्हणून स्टॅन्लींनी त्याला बारावीची मुलं कॉलेजप्रवेशासाठी देतात ती परीक्षा दिली. तेरा वर्षांच्या बेट्सला त्यात घसघशीत गुण पडले. त्याला पुरेल असं गणित कुठल्या शाळेत मिळेल याची चौकशी झाली, आणि शेवटी १९६९मध्ये विद्यापीठानेच त्याला प्रवेश दिला. सतराव्या वर्षी त्याच्याकडे पदवी आणि पदव्युत्तर पदवी दोन्ही होत्या. त्यानंतर १९७२मध्ये स्टॅन्लींनी सातवी-आठवीच्या साडेचारशेच्या आसपास मुलांना तशाच वरच्या परीक्षा दिल्या. शाळेत सगळी ‘वर्गात पहिली’ असणारी ही मुलं इथे लांबवर पसरली. काहींना बेताचे गुण मिळाले, तर काही कॉलेजात जाणाऱ्या सरासरी विद्यार्थ्यापेक्षा पुढे निघाली.

पण वरची परीक्षा कुणाला द्यायची हे आधी कुणीतरी सुचवावं लागतं, आणि ते काम बहुधा शिक्षकांकडे येतं. पीट्सबर्गच्या एका शाळेत पेग्नाटो आणि बर्च या दोघांनी ते तपासलं. त्यांचा निष्कर्ष १९५९मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतंत्र बुद्धिमापन चाचणी घेतल्यावर त्यांच्या निकषात ९१ मुलं बसली. शिक्षकांनी मात्र १५४ नावं दिली होती, आणि त्यांत त्या ९१पैकी ४१च होती. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं शिक्षकांच्या नजरेतून सुटली, आणि जी नावं आली त्यांतली बहुतेक भलतीच होती. शिक्षकांवर तुटून पडायची मात्र घाई नको. त्यांना ‘हुशार मुलं सांगा’ असं विचारलं होतं, आणि वर्गात हुशार दिसतं ते सुवाच्य अक्षर, वेळेवर गृहपाठ आणि वर केलेला हात. शेवटच्या बाकावर बसून उत्तर आधीच काढलेलं आणि आता शेजाऱ्याच्या वहीवर चित्र काढणारं मूल शिक्षकांच्या डोक्यात ‘खोडकर’ याच खात्यावर जमा होतं.

दुसरी चूक याहून अवघड, कारण ती दिसतच नाही. अक्षरांची अदलाबदल करणारं, वाचताना अडखळणारं, पण तर्कात तीक्ष्ण असलेलं मूल आपल्या तर्काच्या जोरावर वाचनाची उणीव झाकतं. गुण येतात साठ-पासष्ट. अडचण इतकी मोठी नाही की अध्ययन अक्षमतेसाठी पाठवावं, आणि गुण इतके वर नाहीत की प्रज्ञावान म्हणावं. घरात अहिराणी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाचं पुस्तकी मराठीतल्या शाब्दिक चाचणीत काय होत असेल, ते सांगायला नको.

यावर काही करता येतं का? फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटी या मोठ्या शाळा-जिल्ह्याने २००५पासून पालक-शिक्षकांच्या शिफारशीची वाट पाहणं थांबवलं आणि दुसरीतल्या प्रत्येक मुलाला आकृत्यांवर आधारलेली, भाषा न लागणारी छोटी चाचणी द्यायला सुरुवात केली. तिच्यात वर आलेल्यांची मग सविस्तर बुद्धिमापन चाचणी होई. तिचा निकष होता १३० बुद्ध्यांक. गरीब घरातल्या आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी ११६. डेव्हिड कार्ड आणि लॉरा गिउलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा हिशेब मांडला. निवड झालेल्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण ८० टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक मुलांचं १३० टक्क्यांनी वाढलं. ही मुलं आधीही त्याच बाकांवर बसत होती, फक्त त्यांचं नाव कुणी सुचवत नव्हतं. पुढे मंदीत पैसे आटले, सरसकट चाचणी बंद झाली, आणि प्रमाण पुन्हा पूर्वीच्या जागी आलं.

आपल्याकडे शिष्यवृत्ती परीक्षा आहे, पण तिला बसायचं की नाही हे पुन्हा पालक आणि शिक्षकच ठरवतात. तिचे क्लास आहेत, गाइडं आहेत, वर्षभर सोडवायचे सराव-संच आहेत. गुणवत्ता यादीत आलेलं मूल हुशार असेलच, पण त्या गुणांत त्याची समज किती आणि सराव किती, हे वेगळं काढता येत नाही.

आता त्या दुसऱ्या मुलीकडे परत येऊ. समजा तिच्या बाईंनी अपूर्णांकांचा धडा सुरू करण्यापूर्वीच त्या धड्याची चाचणी सगळ्या वर्गाला दिली. तिला पन्नासपैकी सत्तेचाळीस मिळाले. फक्त छेद वेगळे असलेली बेरीज कुठे कुठे चुकली. मग पाचवीची चाचणी दिली, तिथे बेचाळीस. सहावीची दिली, तिथे अठ्ठावीस. म्हणजे तिचं खरं शिकणं सुरू होण्याची जागा पाचवीच्या शेवटी-सहावीच्या सुरुवातीला आहे. धड्याला चौदा तासिका आहेत, तिला त्यांतल्या दोन पुरतात. राहिलेल्या बारा तासिकांचं काय?

वर्गात सर्रास दिसतात ती उत्तरं अशी: त्याच प्रकारची आणखी वीस गणितं दे, मागे पडलेल्यांना शिकवायला बसव, वह्या तपासून घे. पहिल्यात मुलीला लवकरच कळतं की लवकर संपवण्याची शिक्षा म्हणजे जास्त काम, आणि ती सावकाश लिहायला शिकते. दुसरं अधूनमधून चांगलं, पण रोज केलं तर ते बिनपगारी साहाय्यक शिक्षकाचं काम होतं. स्टॅन्लींनी समृद्धीकरणाचे प्रकार पाडताना वेळ भरण्यासाठी दिलेल्या अशा कामाला सर्वांत खालची जागा दिली होती.

खरं समृद्धीकरण त्याच विषयात खोल नेतं. तिला दशांश शिकवून एकाला सातने भागायला लावा. ०.१४२८५७ येतं आणि तेच सहा अंक परत सुरू होतात. सहाच का? ती बाकीकडे बघते: तीन, दोन, सहा, चार, पाच, एक. सातने भागताना शून्य सोडून बाकी सहाच असू शकतात, म्हणून सहा पायऱ्यांच्या आत कुठलीतरी परत येणारच. मग दोनाला सातने भागलं तर? तेच अंक, फक्त सुरुवात दुसरीकडून. अकराने भागलं तर दोनच अंकांचं चक्र, तेराने सहाचं, सतराने सोळाचं. तेराला बारा बाकी शक्य असताना चक्र सहावरच का थांबतं, हा प्रश्न आठवडाभर पुरेल. ती चौथीतच आहे, मैत्रिणींजवळ आहे, आणि तिचं डोकं कामाला लागलं आहे.

इथेच एक मेख आहे, आणि तीही स्टॅन्लींनीच दाखवली. चौथीत मुलीला इतकं खोल नेलंत आणि पाचवीत पुन्हा पहिल्या पानापासून बसवलंत, तर कंटाळा टळला नाही, वर्षभर पुढे ढकलला गेला, आणि तो वाढूनच परत येणार. समृद्धीकरण जितकं विषयाला धरून आणि चांगलं, तितकी पुढे नेण्याची गरज जास्त. म्हणून दोन्हींना प्रतिस्पर्धी मानून ‘कोणतं चांगलं?’ असा दहा गुणांचा प्रश्न विचारणं मला पटत नाही. थोडं पुढे असलेल्या मुलाला खोली पुरते; दोन वर्षं पुढे असलेल्याला ती पुरत नाही.

पुढे नेणं म्हटलं की पालकांना एकदम इयत्ता ओलांडणं आठवतं, आणि भीती वाटते की मूल एकटं पडेल. भीती अगदीच निराधार नाही, पण तिच्यासाठी आधी तपासायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. आयोवा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी इयत्ता ओलांडण्याचा निर्णय घ्यायला एक मापनश्रेणी तयार केली. तिच्यात काही अटींवर सरळ नकार आहे: मुलाला स्वतःला जायचं नसेल, किंवा ज्या वर्गात जायचं तिथे त्याचं सख्खं भावंड असेल. धाकट्याने थोरल्याच्या बाकावर येऊन बसलं की घरात काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. वरच्या वर्गाच्या शिक्षकांची तयारीही तितकीच पाहावी लागते. ‘बघू या कसा टिकतो’ म्हणणाऱ्या गुरुजींच्या वर्गात पाठवलेलं मूल पहिल्या चुकीलाच परत येतं.

शिवाय इयत्ता न बदलता एका विषयापुरतं पुढे जाता येतं. शहरातल्या शाळेत त्यासाठी चौथीची आणि सहावीची गणिताची तासिका एकाच वेळी यावी लागते आणि घोडं वेळापत्रकावर अडतं. गंमत अशी, की हे सर्वांत सहज जमतं ते जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत. एका खोलीत दोन-दोन वर्ग बसलेले असतात. गुरुजी तिसरीला फळ्यावर गणित घालून चौथीकडे वळतात, आणि तिसरीतलं एखादं पोरगं आपलं गणित संपवून चौथीचं ऐकत असतं. त्याला तिथेच चौथीचं पुस्तक द्यायला ना अर्ज लागतो ना सभा. कित्येक गुरुजी हे नाव न देता वर्षानुवर्षं करत आले आहेत.

पण अशा कितीतरी शाळा चौथीला संपतात. जूनमध्ये ते पोरगं शेजारच्या गावच्या पाचवीत जाऊन बसतं. तिथले सर अपूर्णांकाचा धडा पहिल्यापासून सुरू करतात, कारण त्याच्याबद्दल त्यांच्यापर्यंत आलेला कागद एकच असतो, आणि त्यावर गणितासमोर लिहिलेलं असतं, अ-१.