टीव्हीखालची टकटक

फुटबॉलचा सामना रंगात आला आहे, चेंडू गोलच्या तोंडाशी आहे आणि अचानक पडद्यावरचं चित्र थिजतं. प्रेक्षकांचा गलका मात्र सुरूच राहतो. दहा-बारा सेकंदांनी, जणू काही झालंच नाही अशा थाटात, खेळ पुढे सरकतो. घरातले आधी इंटरनेटला बोल लावतात, मग गेमला. अशा वेळी टीव्हीचा आवाज बंद करून खालच्या काळ्या खोक्याला कान लावावा. आतून ठरावीक अंतराने टक… टक… टक ऐकू आलं, तर गुन्हेगार बहुधा सापडला.

ते खोकं म्हणजे प्लेस्टेशन ४. ते २०१३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आलं आणि २०१४ च्या जानेवारीत भारतात. सुरुवातीच्या यंत्रांत ५०० जीबीची, लॅपटॉपमध्ये असते तशी अडीच इंची हार्ड डिस्क होती. तिच्यातली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला नव्वद. तिच्यावरून, तिला न टेकता, एक बारीक हात फिरत माहिती वाचतो. तबकडीवरच्या खुणा त्याला सापडेनाशा झाल्या की तो मागे जागेवर जातो आणि पुन्हा शोधायला निघतो. ही येरझार म्हणजेच ती टकटक. चित्र थिजतं त्यामागचं कारणही तिथलंच. खराब झालेला तुकडा डिस्क पुन:पुन्हा वाचून पाहते आणि तोवर गेम ताटकळतो.

पण प्रत्येक आवाज मरणाचा नसतो. डिस्क काम करताना बारीक कुरकुर करतेच, आणि पंख्याची घरघर ही बहुतेकदा धुळीची तक्रार असते. गेमची चकती घालताना-काढताना होणारी खडखड तर वेगळ्याच भागाची. म्हणून चकती बाहेर काढून डाउनलोड केलेला एखादा गेम लावून पाहावा. एकच गेम अडकत असेल, तर तो पुसून पुन्हा टाकल्यावर काम भागू शकतं. वेगवेगळे गेम अडकतात, साधा मेनूसुद्धा रखडतो आणि थिजण्याच्या क्षणीच टकटक होते, असं असेल तर डिस्कवरच संशय घ्यावा.

इथे बहुतेकांना `Rebuild Database` हा पर्याय सुचवला जातो. त्याच्याकडून नेमकं काय अपेक्षित ठेवावं, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. ग्रंथालयातली पुस्तकं जागेवर आहेत, पण सूचीच्या कार्डांचा घोळ झाला आहे, अशी कल्पना करा. हा पर्याय डिस्क चाळून सूची नव्याने लिहितो. गेम आणि सेव्ह केलेली प्रगती तो पुसत नाही. गेम मध्येच बंद पडणं, वीज जाणं, डिस्क गच्च भरणं अशा कारणांनी सूची बिघडली असेल तर यंत्र खरोखर सुधारतं. पुस्तकांनाच वाळवी लागली असेल, तर नवी सूची काय करणार?

शिवाय डिस्क चाळायची म्हणजे तिला राबवायचं. आधीच धापा टाकणारी डिस्क त्यातच मान टाकू शकते. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. पहिल्यांदा सेटिंग्जमध्ये `Application Saved Data Management` उघडून सेव्ह केलेला डेटा पेनड्राइव्हवर उतरवावा. गेम परत मिळतात. शंभर तास खेळून गाठलेला टप्पा परत मिळत नाही.

मग यंत्र पूर्ण बंद करायचं, नुसतं झोपवायचं नाही. पॉवरचं बटण दाबून धरायचं. एक बीप लगेच होते आणि दुसरी साधारण सात सेकंदांनी. दुसरी ऐकली की बोट उचलायचं. कंट्रोलर वायरने जोडावा लागतो, इथे वायरलेस चालत नाही. समोर येणाऱ्या यादीत पाचवा पर्याय आपला. सहावा आणि सातवा सगळं पुसून टाकतात, तेव्हा घाईत बोट घसरू देऊ नये. डिस्क किती भरली आहे त्यावर काम काही मिनिटांत उरकतं किंवा काही तास चालतं.

खरा निकाल त्यानंतरच्या आठवड्यात लागतो. यंत्र मुकाट चालू लागलं तर घोळ सूचीचाच होता. सुरुवातीचे दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा चित्र थिजून टकटक सुरू झाली, तर डिस्क बदलायलाच हवी. `CE-34335-8` हा कोड पडद्यावर आला, तर यंत्राला डिस्क दिसेनाशी झालेली असते.

बदलणं तसं अवघड नाही. साडेनऊ मिलिमीटरपर्यंत जाडीची, किमान १६० जीबीची अडीच इंची साटा डिस्क चालते. ही एसएसडी असेल तर फिरणारा भागच नाही, म्हणजे टकटकही नाही. नव्या डिस्कवर सिस्टीम टाकायची फाइल पेनड्राइव्हवर नेमक्या या जागी ठेवावी लागते:

```
PS4/UPDATE/PS4UPDATE.PUP
```

सातवा पर्याय वापरायची वेळ ही. जुनी डिस्क संगणकाला लावून गेम वाचवण्याच्या फंदात पडू नये. तिच्यावरचं सगळं सांकेतिक रूपात असतं आणि संगणकाला त्यातलं काही वाचता येत नाही. पेनड्राइव्हवरची प्रगती परत घेताना मात्र पूर्वीच्याच खात्याने आत शिरावं लागतं. घाईत नवं खातं उघडलं, तर फाइल समोर असूनही यंत्र ती घेत नाही.