सेलच्या गाभ्याचे तापमान आणि पंख्याचा हिशेब

लिथियम-आयन बॅटरी पॅकमधील दंडगोल सेलमधून वीजप्रवाह वाहू लागला की सेल आतून तापतो. धातूची पातळ पाने, त्यांवरचा रासायनिक लेप आणि सच्छिद्र पडदे यांची घट्ट गुंडाळी त्याच्या आत असते आणि उष्णता या गुंडाळीत सर्वत्र निर्माण होते. थर्मिस्टर मात्र सेलच्या बाहेरच्या पत्र्यावर चिकटवलेला असतो. त्यामुळे आतल्या गाभ्याचे तापमान मोजता येत नाही, ते हिशेबानेच काढावे लागते.

छोट्या विजेच्या वाहनाचा 200 सेलचा पॅक उदाहरणादाखल घेऊ. प्रत्येक सेल 18650 मापाचा, म्हणजे 18 मिमी व्यासाचा आणि 65 मिमी उंचीचा आहे. त्याचा अंतर्गत रोध 40 मिलिओहम असून त्यातून 7 अँपिअर प्रवाह वाहतो. प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणले की सुमारे 2 वॉट उष्णता मिळते. रासायनिक क्रियेमुळे कमीजास्त होणारी थोडी उष्णता येथे सोडून दिली आहे. पूर्ण पॅकमध्ये अशी 400 वॉट उष्णता तयार होते आणि ती हवेनेच बाहेर न्यायची आहे.

गाभ्यापासून हवेपर्यंत तापमान तीन टप्प्यांत उतरते. पहिला टप्पा गाभ्यापासून पत्र्यापर्यंतचा. गुंडाळीच्या थरांना आडवे छेदून जाताना उष्णतेला वाट कठीण असते; त्या दिशेची उष्णतावाहकता k साधारण 0.5 वॉट प्रति मीटर प्रति अंश धरता येते. उष्णता सर्वत्र सारखी निर्माण होते असे मानले, तर गाभा आणि पत्रा यांतील फरक Q/(4πkL) इतका येतो. येथे Q म्हणजे सेलची उष्णता आणि L म्हणजे त्याची उंची. 2 वॉट आणि 0.065 मीटर घेतल्यास उत्तर सुमारे 5 अंश येते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते आणि फरकही 20 अंशांवर जातो. जोराचा प्रवाह काही मिनिटे चालू राहिला की पत्र्यावरचा आकडा याच कारणाने फसवा ठरतो.

दुसरा टप्पा पत्र्यापासून हवेपर्यंतचा. सेल 20-20 च्या 10 ओळींत आहेत, हवा ओळींना आडवी जाते आणि शेजारच्या दोन सेलमध्ये 3 मिमी फट आहे, असे धरू. हवेला वाट देणाऱ्या फटींचे एकूण क्षेत्र 0.0039 चौरस मीटर होते. फटीतून हवा सेकंदाला 8 मीटर वेगाने गेली, तर नळ्यांच्या जुडग्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सूत्रांनुसार पत्रा लगतच्या हवेपेक्षा सुमारे 5 अंश गरम राहतो.

तिसरा टप्पा म्हणजे वाटेत हवेचे स्वतःचे तापणे. वरच्या वेगाने सेकंदाला 31 लिटर हवा पॅकमधून जाते. एवढ्या हवेने 400 वॉट उष्णता उचलली की तिचे तापमान साधारण 11 अंशांनी वाढते. आत येणारी हवा 35 अंशांची असेल, तर शेवटच्या ओळीतील गाभा 35, 11, 5 आणि 5 मिळून 56 अंशांच्या आसपास पोहोचतो. डिस्चार्ज होताना बऱ्याच सेलना दिलेली 60 अंशांची मर्यादा त्याने ओलांडलेली नाही.

पहिल्या ओळीचा गाभा मात्र 46-47 अंशांवरच असतो. ओळींमधला हा दहा अंशांचा फरक सेलना असमान वेगाने झिजवतो. त्यासाठी हवेची तापमानवाढ 11 वरून 5 अंशांवर आणायची तर सव्वादोनपट हवा, म्हणजे सेकंदाला 70 लिटर हवा लागेल. पण हवा वाढवली की फटींमधला दाब जवळजवळ वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि पंख्याला लागणारी वीज सुमारे दहापट होते. म्हणूनच हवा ठराविक वेळाने उलट दिशेने फिरवणे किंवा ओळींची संख्या कमी ठेवून रुंदी वाढवणे, हे उपाय जास्त परवडतात.

हा हिशेब प्रत्यक्षात खरा ठरतो की नाही, हे आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानांवरून कळते. भार तोच असताना त्यांतील फरक 11 अंशांपेक्षा बराच जास्त दिसू लागला, तर जाळीवर धूळ साचून हवा कमी झाली आहे किंवा सेलचा रोध वाढला आहे. फरक बरोबर असूनही शेवटच्या ओळीचा पत्रा अपेक्षेपेक्षा गरम असेल, तर काही हवा सेलना टाळून पेटीच्या कडेने निसटते आहे. ती वाट फोमने बंद करावी लागते.

जुन्या पॅकसाठी हिशेब पुन्हा मांडावा लागतो. रोध 40 वरून 60 मिलिओहम झाला, तर तिन्ही टप्पे दीडपट होतात आणि तेवढ्याच हवेत शेवटच्या ओळीचा गाभा 67 अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे पंखा निवडताना नव्या सेलचा रोध धरून चालत नाही. पॅकच्या आयुष्याच्या अखेरीस जो रोध अपेक्षित आहे, तो धरावा लागतो.