कारण चुकलं की परतावा अडतो

ऑनलाइन मागवलेली वस्तू परत करायची ठरली की फॉर्मवर पहिला प्रश्न येतो तो कारणाचा. आठ-दहा पर्यायांची यादी उघडते आणि बहुतेक जण त्यातला जवळपासचा, किंवा सरळ पहिलाच पर्याय दाबून पुढे सरकतात. वस्तू खराब आहे, ती परत जाणार, पैसे मिळणार. मग कारण काहीही दिलं म्हणून काय बिघडलं, असा त्यामागचा हिशेब असतो. बिघडतं ते असं, की कारण निवडल्याबरोबर तुमच्या तक्रारीची वाट ठरून जाते. वस्तू कोण तपासणार, पैसे मिळणार की फक्त बदली वस्तू, फोटो मागणार की नाही, आणि नुकसान शेवटी कोणाच्या माथी बसणार, हे सगळं त्या एका टिचकीवर अवलंबून असतं.

घराघरात घडणारं एक उदाहरण घेऊ. तीन भांड्यांचा मिक्सर मागवला. खोका धडधाकट आला. उघडून पाहिलं तर मोठ्या भांड्याच्या पारदर्शक झाकणाला कडेपासून मधोमध तडा गेलेला. मोटर उत्तम चालते, बाकीची भांडी ठीक. आता यादीत साधारण असे पर्याय दिसतात: `Item defective or doesn't work`, `Product damaged, but shipping box OK`, `Missing parts or accessories`, `No longer needed`. काही ॲपवर हीच यादी मराठीतही मिळते, पण गोंधळ तोच राहतो.

मिक्सर सदोष आहे असं वाटून पुष्कळ जण पहिला पर्याय निवडतात. इथेच गाडी रुळावरून घसरते. विजेच्या उपकरणाला हे कारण दिलं की अनेक साइट आधी कंपनीचा टेक्निशियन घरी पाठवतात. तो येतो, मिक्सर सुरू करतो, तिन्ही वेगांवर फिरवून बघतो. मोटर व्यवस्थित. तो आपल्या ॲपवर ‘दोष आढळला नाही’ अशी नोंद करतो आणि निघून जातो. झाकणाचा तडा तुम्ही दाखवलात तरी त्याला तपासायला सांगितलेली गोष्ट वेगळी असते. तासाभरात मेसेज येतो की तुमची रिक्वेस्ट बंद करण्यात आली आहे. इथे टेक्निशियनने काम चोख केलं. त्याला प्रश्नच चुकीचा मिळाला होता.

‘वस्तू तुटलेली, खोका ठीक’ हा पर्याय निवडला असता तर टेक्निशियनची गरजच पडली नसती. साइटने फोटो मागितले असते, तडा फोटोत दिसला असता आणि बदली किंवा परतावा मंजूर झाला असता. खोका ठीक आणि खोकाही फुटलेला, असे दोन वेगळे पर्याय का ठेवतात, हेही समजून घेण्यासारखं आहे. खोकाही फाटलेला असेल तर बोट कुरिअरकडे वळतं. खोका शाबूत आणि आतली वस्तू फुटलेली असेल, तर पॅकिंग कमी पडलं किंवा माल आधीच फुटका भरला, असा अर्थ निघतो. भरपाई कोणाकडून वसूल करायची ते साइटला यावरून ठरवायचं असतं. म्हणून खोका खरोखर जसा आला तसंच सांगावं. खोक्याच्या फोटोत एक दिसतं आणि कारणात दुसरं लिहिलंय, असं झालं की फाइल माणसाच्या तपासणीसाठी बाजूला पडते आणि दिवस वाढतात.

राहिला `No longer needed`, म्हणजे ‘आता नको’. वाद नको म्हणून सौजन्याने हा पर्याय दाबणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशिरामागे नैसर्गिक आपत्तीसारखं कारण असेल तर तेवढा अपवाद. मन बदललं म्हणून परत घ्या, असं मात्र हा नियम म्हणत नाही. ती साइटने स्वतःहून दिलेली सवलत आहे, आणि तिच्या अटीही साइटच्याच. परतीचा खर्च कापणार की नाही, मुदत किती, ते साइट ठरवते. फुटक्या झाकणाचा मिक्सर ‘आता नको’ म्हणून परत केलात, तर कायद्याने मिळालेला हक्क तुम्ही स्वतःच्या हाताने सवलतीत बदलून घेतलेला असतो. पुढे वाद झालाच तर नोंदीत तुमचंच उत्तर असतं की वस्तू ठीक होती, फक्त नको होती.

फोटोंचंही असंच. कारण म्हणजे तुमचा दावा आणि फोटो त्याचा पुरावा, तेव्हा दोघांनी एकच गोष्ट सांगायला हवी. तडकलेल्या झाकणासाठी नुसता तड्याचा जवळून घेतलेला फोटो पुरत नाही, कारण पलीकडे बसलेल्या माणसाला ते झाकण तुमच्याच मिक्सरचं आहे हे कसं कळावं? आधी सगळा मिक्सर भांड्यांसह एका फ्रेममध्ये घ्या. मग झाकण हातात धरून तडा स्पष्ट दिसेल असा जवळचा फोटो. त्यानंतर मिक्सरच्या तळाशी असलेलं मॉडेल आणि सिरियल नंबरचं स्टिकर. शेवटी खोका, ज्यावर कुरिअरचं लेबल आणि त्यावरचा ट्रॅकिंग नंबर वाचता येतो. एवढ्या चार फोटोंत गोष्ट पूर्ण होते. तोच फोटो पाच कोनांतून टाकून काही साधत नाही, उलट कामाचा फोटो गर्दीत हरवतो.

उजेडाकडे लक्ष द्या. पारदर्शक प्लास्टिकवर फ्लॅश मारला की चकाकी येते आणि तडा गायब होतो. खिडकीपाशी, मागे गडद कापड धरून काढलेल्या फोटोत तीच रेघ स्वच्छ दिसते. फिल्टर किंवा ब्यूटी मोड बंद ठेवा. फोटो आधी घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून तिथून उतरवलेला फोटो फॉर्मला जोडू नका. व्हॉट्सॲप फोटो दाबून छोटा करतं, बारीक अक्षरं पुसट होतात, आणि फोटो कधी काढला ही फाइलमधली माहितीही निघून जाते. गॅलरीतला मूळ फोटोच द्या. आयफोनवर काढलेला फोटो अपलोड होत नसेल तर बहुधा तो HEIC प्रकारात असतो. सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या फॉरमॅटमध्ये `Most Compatible` निवडलं की पुढचे फोटो JPEG मध्ये निघतात.

खरी पंचाईत होते ती काहीतरी कमी आलं असेल तेव्हा. समजा, चटणीचं भांडंच खोक्यात नव्हतं. नसलेल्या वस्तूचा फोटो कसा काढणार? अशा वेळी जे आलं ते सगळं, अगदी माहितीपुस्तिकेसकट, जमिनीवर मांडायचं आणि खोक्यावर छापलेली आतल्या वस्तूंची यादी त्याच फ्रेममध्ये दिसेल असा फोटो घ्यायचा. कुरिअरच्या लेबलवर वजन छापलेलं असेल तर तोही पुरावा, कारण पाकीट निघतानाच हलकं होतं का ते त्यावरून ताडून पाहता येतं. महाग वस्तूचा खोका उघडताना सलग व्हिडिओ काढायची सवय इथे उपयोगी पडते. व्हिडिओत आधी सीलबंद खोका सगळ्या बाजूंनी आणि लेबल दिसावं, मग मध्ये कुठेही न थांबवता खोका उघडावा. अर्धा उघडलेला खोका दाखवून सुरू होणाऱ्या व्हिडिओला काही किंमत नसते.

कारणाखालच्या रिकाम्या चौकटीत लोक एक तर काहीच लिहीत नाहीत, नाहीतर रागाने पानभर लिहितात. चार ओळी पुरतात. ‘मोठ्या भांड्याच्या झाकणाला कडेपासून मधोमध तडा आहे. खोका शाबूत होता. मोटर चालू आहे, तक्रार फक्त झाकणाची. बदली मिक्सर किंवा पूर्ण परतावा हवा.’ हे वाचणाऱ्याला काय झालंय आणि तुम्हाला काय हवंय ते एका दमात कळतं. ‘मोटर चालू आहे’ हे मुद्दाम लिहायचं, म्हणजे टेक्निशियनच्या वाटेला कोणी ढकलणार नाही.

कपड्यांच्या बाबतीत गडबड वेगळी होते. निळा कुर्ता मागवला आणि हिरवा आला, तर कारण ‘चुकीची वस्तू आली’ हे. अनेक जण मात्र ‘आवडला नाही’ किंवा ‘साइज बसत नाही’ असं निवडतात. मग न्यायला आलेला मुलगा दारात उभा राहून आपल्या ॲपवर ऑर्डरचा फोटो, रंग, साइज आणि टॅग ताडून बघतो. ॲप सांगतं निळा कुर्ता उचल, समोर हिरवा. तो पाकीट न घेताच परत जातो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. चुकीची वस्तू आली असं आधीच नोंदवलेलं असेल तर ही अडचण सहसा येत नाही. टॅग तोडायच्या आधी फोटो काढा. टॅग निघालेला कपडा परत घेताना फार नखरे होतात. आणि पाकीट नेतानाही त्याचा एक फोटो काढून ठेवा, पिकअप झाल्याचा मेसेज येईपर्यंत तरी.

उलट दिशेची लबाडीही चालते. मन बदललेलं असतं, पण परतीचा खर्च वाचावा म्हणून चांगल्या वस्तूला ‘सदोष’ म्हटलं जातं. वस्तू परत पोचल्यावर तपासली जाते, दोष सापडत नाही आणि परतावा अडकतो. अशी खाती साइटच्या नजरेतही येतात. शिवाय तो भुर्दंड कित्येकदा एखाद्या छोट्या विक्रेत्याला बसतो, ज्याने माल नीट पाठवलेला असतो.

सगळं बरोबर भरूनही नकार आला, तर साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दिलेला असतो. तो देणं त्यांना बंधनकारक आहे. तिथे लेखी तक्रार करा, सोबत तेच चार फोटो आणि नकाराच्या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडा. नियमाप्रमाणे 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल मिळायला हवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग; 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे तक्रार दाखल करायला शुल्क लागत नाही, आणि मुदत असते तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची. तोवर फोटो फोनमधून पुसू नका.