'तिची कसली आली अब्रू?' या प्रश्नाला कायद्याचे उत्तर

मुरुडच्या चौकात असो की विहारातल्या चर्चेत, देहविक्री करणाऱ्या बाईवर अत्याचार झाल्याची बातमी आली की एक वाक्य हमखास ऐकू येते, 'तिची कसली आली अब्रू?' आपले शिकलेले तरुणही कधी कधी हसून हे बोलून जातात. या वाक्यातच हिंसेचे मूळ आहे, असे आम्हाला वाटते. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ते कसे वापरले गेले, ते आधी पाहू.

1965 साली भिवंडीत एक पोलीस निरीक्षक रात्री गणवेशात एका गरीब बाईच्या झोपडीत शिरला. त्याने शरीरसुखाची मागणी केली. बाईने नकार देताच जबरदस्ती केली. तिने आरडाओरड केली, लोक जमले. तेव्हा आपण दारूबंदीच्या छाप्यासाठी आलो होतो, असे त्याने सांगितले. खातेनिहाय चौकशीत तो दोषी ठरला आणि बडतर्फ झाला. पण मुंबई उच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली. बाईचे विवाहबाह्य संबंध होते, म्हणून अशा बाईच्या शब्दावर एका अधिकाऱ्याची नोकरी घालवणे योग्य नाही, असा त्यामागचा विचार होता.

ती बाई देहविक्री करणारी नव्हती. तिच्या चारित्र्यावर बोट ठेवता येत होते, एवढेच पुरेसे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 1990 मध्ये हा निकाल फिरवला. बाईचे चारित्र्य कसेही असो, तिच्या शरीरावर हात टाकण्याचा हक्क कुणाला मिळत नाही, तिला कायद्याचे तेवढेच संरक्षण आहे आणि केवळ चारित्र्यावरून तिची साक्ष फेकून देता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. मात्र या न्यायाला पंचवीस वर्षे लागली.

मग निकाल असूनही हिंसा का थांबत नाही? कारण मारणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ही बाई पोलीस ठाण्याची पायरी चढणार नाही. प्रौढ बाईने स्वतःच्या मर्जीने देहविक्री करणे हा आपल्याकडे मुळात गुन्हा नाही. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तसे स्पष्ट केले. पण अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात कुंटणखाना चालवणे गुन्हा आहे आणि कलम 8 प्रमाणे रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणेही गुन्हा आहे. त्यामुळे 'मला मारले' सांगायला गेलेल्या बाईला पहिला प्रश्न येतो, 'तू तिथे काय करत होतीस?' फिर्यादी बाई क्षणात आरोपी होते. घरमालकाला कळले तर खोली जाते, गावाला कळले तर मुलांची शाळा अवघड होते. गिऱ्हाईक, दलाल, गुंड आणि कधी वर्दीतला माणूसही याच भीतीवर जगतो.

म्हणून सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेसारख्या संघटनांचा युक्तिवाद दयेचा नाही. 'आम्हाला वाचवा' यापेक्षा 'आमची तक्रार लिहून घ्या' ही त्यांची मागणी जास्त ठोस आहे. 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात या मागणीला बळ दिले. तो खटला कोलकात्यात 1999 साली झालेल्या एका देहविक्री करणाऱ्या महिलेच्या खुनातून उभा राहिला होता. संविधानाच्या कलम 21 मधले सन्मानाने जगणे त्यांचेही आहे, असे सांगून न्यायालयाने ठोस निर्देश दिले. लैंगिक अत्याचार झाल्यास तात्काळ वैद्यकीय मदत द्यावी, पोलिसांनी शिवीगाळ वा मारहाण करू नये, माध्यमांनी ओळख उघड करू नये आणि निरोध सापडणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. निरोध पुरावा ठरला, तर बाई तो जवळ बाळगणे सोडते आणि आजार वाढतो.

आता आपल्यातली एक अडचण. बाबासाहेबांनी जून 1936 मध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांना हे जीवन सोडा, असे स्पष्ट सांगितले होते. मग आपण सन्मानाची भाषा कशी करायची? आम्हाला यात विरोध दिसत नाही. जातीने लादलेला धंदा संपावा, हे बाबासाहेबांचे म्हणणे आजही खरे आहे. अल्पवयीन मुलींना आणणे, फसवून विकणे हा गुन्हाच आहे आणि तिथे सुटकाच हवी. पण बाबासाहेब त्या स्त्रियांशी समोरासमोर बोलले, त्यांना समाजाचा भाग मानून बोलले. तथागतांनीही वैशालीच्या आम्रपालीचे भोजनाचे निमंत्रण स्वीकारल्यावर लिच्छवी राजपुत्रांसाठी ते मोडले नाही. धंदा सोडेपर्यंत बाईने मार खावा, असे दोघांच्याही वागण्यातून निघत नाही.

कार्यकर्त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. अशी बाई मदतीला आली तर तिच्यासोबत आधी दवाखान्यात जावे. बलात्कार पीडितेवर सरकारी व खासगी रुग्णालयाने मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते आणि बलात्काराची फिर्याद नोंदवायला नकार देणे हा त्या अधिकाऱ्याचाच गुन्हा ठरतो. फिर्यादीत काय घडले ते लिहावे, बाई कोणता धंदा करते ते पहिल्या ओळीत नको. तिचा फोटो किंवा नाव ग्रुपवर टाकू नये. आणि चौकात कुणी 'तिची कसली अब्रू' म्हणाले, तर भिवंडीची ती झोपडी त्याला सांगावी.