खांद्यावर चेंडू आणि पायचीत

डिसेंबर १९९९, ॲडलेडची कसोटी. मॅकग्राचा आखूड टप्प्याचा चेंडू डोक्याकडे उसळेल म्हणून सचिन तेंडुलकर खाली वाकला. चेंडू उसळलाच नाही, खांद्यावर आदळला आणि पंच डॅरिल हार्पर यांनी बोट वर केलं. सचिन शून्यावर पायचीत! ‘पायाला लागलाच नाही, मग पायचीत कसा?’ हा प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला गेला.

नियमाला पायाशी देणंघेणं नाही. बॅट किंवा बॅट धरलेल्या हातमोज्याला आधी न लागता चेंडू शरीराला कुठेही लागला, तर पायचीतचा विचार होतो. अपील झाल्यावर पंच एकेक गोष्ट तपासतात. नोबॉल नव्हता ना, टप्पा कुठे पडला, चेंडू अडला कुठे आणि अडला नसता तर स्टंपवर गेला असता का? ॲडलेडला खरा वाद या शेवटच्या मुद्द्यावर, म्हणजे उंचीवर व्हायला हवा होता. स्टंप २८ इंच उंच असतात आणि सचिन किती खाली वाकला होता, यावरच सगळं अवलंबून होतं.

टप्प्याच्या बाबतीत मात्र लेग स्टंपची रेषा म्हणजे लक्ष्मणरेषा. चेंडू तिच्या बाहेर पडला की विषय संपला. मग तो वळून थेट मधल्या स्टंपवर जाणार असो, फलंदाजाने बॅट उचललेलीही नसो, तो नाबादच. २००१ मध्ये बंगळुरूला इंग्लंडच्या ॲशली जाइल्सने लेग स्टंपबाहेर सतत टप्पा टाकला, तेव्हा सचिन असे चेंडू निर्धास्तपणे पॅडने अडवू शकत होता. पायचीतची भीतीच नव्हती. अखेर ९० धावांवर पुढे सरसावला आणि यष्टिचीत झाला. ही सवलत मला योग्य वाटते. ती नसती, तर पायामागून आत येणारा मारा करून गोलंदाजांनी फलंदाजाला जखडून ठेवलं असतं.

ऑफच्या बाजूला अशी माफी नाही. तिथे टप्पा बाहेर पडला तरी चालतो. पण चेंडू खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाला असेल, तर तो स्टंपच्या रेषेतच अडलेला असावा लागतो. बॅट नुसती पॅडमागे लपवली, तर ऑफ स्टंपबाहेर अडलेला चेंडूही बाद करू शकतो. ‘पाय बाहेर होता’ म्हणून फलंदाज हुज्जत घालतो, तेव्हा फटका मारायला गेला होता का, हे आधी पाहावं.

रिव्ह्यूवरून होणारा वाद याच्याच पुढचा. पडद्यावर चेंडू स्टंपला निसटता लागताना दिसतो आणि तरीही नाबाद! स्टंपला लागणारा भाग चेंडूच्या निम्म्याहून कमी असेल, तर मैदानावरच्या पंचांचा मूळ निर्णय कायम राहतो, कारण चेंडूचा पुढचा मार्ग हा शेवटी अंदाज असतो. टप्पा तर प्रत्यक्ष पडलेला असतो. म्हणून तिथे ‘अंपायर्स कॉल’ नसतो.