अत्तराच्या आत (भाग ७) : गुलाबतेलाच्या तीन कसोट्या

मागच्या भागात आपण देग आणि भपका यांची रचना पाहिली. फुलांतून वाफेबरोबर गंध कसा निघतो आणि थंड होऊन कसा गोळा होतो, हे समजून घेतलं. आता प्रश्न येतो तो असा निघालेला गंध आणि कारखान्यात जुळवलेला गंध यांच्या तुलनेचा. ‘नैसर्गिक’ असं बाटलीवर लिहिलेलं दिसलं की आपण तीन गोष्टी मनाशी गृहीत धरतो. आतला माल शुद्ध असणार, तो अंगाला बाधणार नाही आणि त्याचा वास कृत्रिम मालापेक्षा सरस असणार. या तिन्ही गृहीतकांची परीक्षा घ्यायला गुलाबाच्या तेलाइतकं चांगलं उदाहरण नाही. नैसर्गिक सुगंधांत त्याचा मान फार वरचा आणि भावही तसाच.

हे तेल दमास्क गुलाबाचं. बल्गेरियातलं कझानलकचं खोरं आणि तुर्कस्तानातला इस्पार्टा हे त्याचे मोठे प्रदेश. मे-जूनमध्ये, ऊन चढण्याआधी फुलं तोडतात, कारण उन्हाबरोबर तेल उडून जातं. साधारण साडेतीन ते चार टन फुलांतून एक किलो तेल मिळतं. फुलं पाण्यासकट भांड्यात उकळतात, वाफ थंड करतात आणि वर तरंगणारं तेल काढून घेतात. खाली उरलेल्या पाण्यात बरंच तेल विरघळलेलं असतं, म्हणून ते पाणी पुन्हा ऊर्ध्वपातित करतात. बाजारात येणाऱ्या तेलाचा मोठा भाग या दुसऱ्या फेरीत मिळतो.

पहिली कसोटी वासाची. ताज्या गुलाबाच्या गंधात फिनाइल इथाइल अल्कोहोल नावाच्या घटकाचा मोठा वाटा असतो. गुलाबाचा मऊ, ओलसर, पाकळीसारखा वास बराचसा त्याचा. हा घटक पाण्यात सहज विरघळतो. पाकळ्यांचा अर्क पाण्याऐवजी द्रावकाने काढला, तर त्यात तो निम्म्याहून जास्त सापडतो. ऊर्ध्वपातनात मात्र तो पाण्याबरोबर निघून जातो आणि तेलात दोन-तीन टक्केच राहतो. चांगल्या गुलाबपाण्याचा वास अनेकदा तेलापेक्षा फुलाच्या अधिक जवळ वाटतो, तो याच कारणाने. शिवाय तेलाचा बराच भाग फुलावरच्या मेणाचा असतो आणि त्या मेणाला जवळजवळ वासच नसतो.

उलट बाजूने, तेलात असं काही असतं जे ताज्या फुलात नावापुरतंच असतं. जिनिव्हातल्या फर्मेनिश कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी बल्गेरियन गुलाबतेलातला बीटा-डॅमॅसिनोन हा घटक १९७० मध्ये जगापुढे मांडला. तेलात तो सुमारे ०.१४ टक्के असतो. पण नाकाला तो इतक्या सूक्ष्म प्रमाणात जाणवतो, की तेलाच्या गंधशक्तीचा सुमारे ७० टक्के वाटा त्याच्याकडे जातो, असा पुढे हिशेब निघाला. सर्वात जास्त प्रमाणात असलेल्या सिट्रोनेलॉलच्या वाट्याला जेमतेम चार-पाच टक्के येतात. आणि हा डॅमॅसिनोन बराचसा तयार होतो तो फुलं उकळताना, पाकळीतल्या गंधहीन पूर्वघटकांवर उष्णतेची क्रिया होऊन. म्हणजे ज्याला आपण निसर्गाचा गंध म्हणतो, त्याचा एक मोठा हिस्सा भट्टीवर घडलेला असतो.

म्हणून बागेतला गुलाब हुबेहूब उभा करायचा असेल, तर अत्तरकार नुसत्या तेलावर थांबत नाही. तो त्यात कारखान्यात बनवलेलं फिनाइल इथाइल अल्कोहोल घालतो आणि पाण्याबरोबर निघून गेलेली पाकळी परत आणतो. तेलाला मधाची, मसाल्याची खोली असते आणि तिची जागा दुसऱ्या कशानेही सहज भरत नाही. पण ताज्या फुलाशी इमान राखायचं तर कृत्रिम घटकाचा हात धरावा लागतो.

दुसरी कसोटी शुद्धतेची, आणि इथे महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. खानदेशात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा या भागांत डोंगरउतारांवर रोशा गवत वाढतं. एकोणिसाव्या शतकात या गवताचं तेल तिथे मोठ्या प्रमाणावर काढलं जाई. त्यातला मुख्य घटक जिरॅनिऑल, आणि तो गुलाबतेलातही भरपूर असतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोब्सन यांनी १८७१ मध्ये शुद्ध जिरॅनिऑल प्रथम वेगळं केलं, ते भारतातून गेलेल्या या गवताच्या तेलातूनच. खानदेशातून हे तेल मुंबईला येई, तिथून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई. तिथे ते पाणी आणि लिंबाचा रस घालून घुसळत, उन्हात ठेवून त्याचा उग्रपणा आणि रंग कमी करत आणि मग ते बल्गेरियातल्या गुलाबाच्या भट्ट्यांकडे रवाना होई. काही ठिकाणी ते तयार तेलात मिसळत नसत, तर भांड्यात जाण्याआधी पाकळ्यांवरच शिंपडत. असं तेल फुलांबरोबर उकळून निघे आणि भेसळ ओळखणं अवघड होई.

या व्यवहारातला प्रत्येक थेंब वनस्पतीतून आलेला होता. त्या बाटलीवर कुणी ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं लिहिलं असतं, तर ते शब्दशः खरं ठरलं असतं आणि घेणारा तरीही फसला असता. नैसर्गिक असणं आणि निर्भेळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या रोशा गवताइतकं स्पष्ट क्वचितच कुणी दाखवलं असेल.

भेसळ ओळखायची कशी? जुने व्यापारी बाटली थंड करून पाहत. खऱ्या गुलाबतेलातलं मेण वीस अंश सेल्सिअसच्या आसपास स्फटिकरूपाने गोठू लागतं. रोशाचं तेल मिसळलं की हे गोठणं लांबतं. भेसळ करणाऱ्यांनी त्यावरही तोड काढली आणि देवमाशाच्या डोक्यातलं मेण घालायला सुरुवात केली. ही घरगुती परीक्षा तिथेच निकालात निघाली. आज प्रयोगशाळा दोन गोष्टी पाहते. गुलाबातलं सिट्रोनेलॉल जवळजवळ पूर्णपणे एकाच बाजूच्या ठेवणीचं असतं, उजव्या-डाव्या हातांपैकी फक्त एक. कारखान्यातल्या साध्या सिट्रोनेलॉलमध्ये दोन्ही ठेवणी निम्म्या-निम्म्या सापडतात. त्यामुळे कृत्रिम भर लगेच उघडी पडते. रोशाच्या भेसळीसाठी कार्बन तपासतात. रोशा हे ज्वारी आणि ऊस यांच्यासारखं हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने पकडणारं गवत आहे, म्हणून त्याच्या जिरॅनिऑलमध्ये जड कार्बनचं प्रमाण गुलाबापेक्षा थोडं जास्त असतं. रेणू तोच, पण तो कोणत्या झाडातून आला याची खूण त्याच्यात राहते.

तिसरी कसोटी सुरक्षिततेची. गुलाबतेलात मिथाइल युजेनॉल हा घटक असतो, साधारण एक ते तीन टक्के. तो कुणी घातलेला नसतो, फुलातूनच येतो. प्रयोगातल्या उंदरांना तो मोठ्या मात्रेत दिल्यावर यकृतात गाठी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये त्याला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात वर चढवलं. हे वर्गीकरण पुरावा किती भक्कम आहे ते सांगतं, किती मात्रेने किती धोका हे सांगत नाही. म्हणून नियम मात्रेवर बेतलेले असतात. युरोपीय संघात अत्तरामध्ये मिथाइल युजेनॉल ०.०१ टक्क्यापर्यंत चालतं. त्वचेवर राहणाऱ्या इतर बहुतेक उत्पादनांत मर्यादा ०.०००२ टक्के इतकी खाली येते.

याचा व्यवहारातला अर्थ एका हिशेबातून पाहू. समजा तेलात दोन टक्के मिथाइल युजेनॉल आहे आणि एक थेंब सुमारे ३० मिलिग्रॅमचा आहे. घरी ५० ग्रॅम क्रीम बनवून त्यात गुलाबतेलाचे दोन थेंब टाकले, तर ६० मिलिग्रॅम तेलातून १.२ मिलिग्रॅम मिथाइल युजेनॉल आत गेलं. युरोपीय मर्यादेने त्या ५० ग्रॅममध्ये ०.१ मिलिग्रॅम चाललं असतं. म्हणजे रसायनविरहित म्हणून प्रेमाने बनवलेली ती क्रीम मर्यादेच्या बारापट निघाली. अशी क्रीम एकदा लावली म्हणून कुणी आजारी पडणार नाही, पण ती रोज, वर्षानुवर्षं आणि लहान मुलांना लावायची तर हा हिशेब दुर्लक्ष करण्यासारखा नाही. कृत्रिम घटकांतून जुळवलेल्या गुलाबात मिथाइल युजेनॉल घालावंच लागत नाही. नैसर्गिक तेलातूनही ते कमी करता येतं आणि तसा माल मिळतो.

कायदासुद्धा या बाबतीत कधीकधी उगमाकडे पाहून चुकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये खाद्य-स्वादांच्या यादीतून कृत्रिम मिथाइल युजेनॉल काढून टाकलं, कारण तिथला एक जुना कायदा प्राण्यांत कर्करोग करणाऱ्या कोणत्याही पदार्थाला अन्नात मिसळू देत नाही. त्याच वेळी प्रशासनाने हेही सांगितलं, की वापरल्या जाणाऱ्या मात्रेत त्याचा धोका दिसत नाही. वनस्पतीतून काढलेल्या त्याच रेणूला मात्र ही बंदी लागू झाली नाही. शरीर असा भेद करत नाही. यकृतात पोचलेल्या रेणूवर त्याच्या जन्मगावाचा शिक्का नसतो.

याचा अर्थ कृत्रिम ते निर्धोक, असा घेतला तर आपण दुसऱ्या टोकाला जाऊन पडू. लिराल हा लिलीसारख्या वासाचा कृत्रिम घटक अनेक वर्षं साबणांत आणि अत्तरांत सर्रास वापरला गेला. त्याने इतक्या लोकांना त्वचेची ॲलर्जी झाली, की युरोपीय संघाने २०१९ पासून नव्या उत्पादनांत आणि २०२१ पासून सगळ्याच उत्पादनांत त्याला बंदी घातली. सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल हेही काहींना बाधतात, मग ते पाकळीतून आलेले असोत वा कारखान्यातून. हवा लागून ते जुने झाले की त्यांची बाधा वाढते, म्हणून तेलाची बाटली घट्ट बंद करून अंधारात ठेवायची.

तेव्हा गुलाबाचं तेल घेताना ‘नैसर्गिक आहे का’ हा प्रश्न पुरेसा नाही. विक्रेत्याकडे त्याच खेपेचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा आणि त्यात बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहा. मिथाइल युजेनॉलची टक्केवारी त्यात दिलेली असली पाहिजे. अंगाला लावणार असाल तर त्या टक्केवारीवरून वर केलेला हिशेब स्वतः करा. आणि नुसता गुलाबाचा वास हवा असेल, तर चांगल्या अत्तरकाराने कृत्रिम घटकांतून जुळवलेला गुलाब संकोच न करता घ्या.

पुढच्या भागात चंदन. त्याचा मूळ गंध कशामुळे येतो, झाड किती वयाचं झाल्यावर गाभ्यात तेल साठतं आणि चंदनासारखा वास देणारे कृत्रिम रेणू प्रयोगशाळेत कसे घडले, ते पाहू.